नेट नसलं तरी डोंगल चालतो, अडचण दुसरीकडंच असते

«वायरलेस डोंगलला चांगलं इंटरनेट लागते, खेड्यात ते नाही म्हणून तिथं चालतच नाही, पैसे पाण्यात. आणि नेट असलं तर मग कोणाचाही मोबाइल-लॅपटॉप आपोआप टीव्हीवर येतो, एचडीएमआयची वायर काढून फेका.»

राजेहो, हा मेसेज चार ग्रुपवर आला आणि आमच्या शेतकरी कंपनीच्या एका संचालकानं तो वाचून टीव्हीच्या एचडीएमआयला लावून मोबाइल-लॅपटॉपचं चित्र वायरशिवाय दाखवणारा आमचा डोंगल परत करायचं ठरवलंच होतं, म्हणून लिहितो. आमचं ऑफिस यवतमाळ जिल्ह्यात, बारा खुर्च्यांचं मीटिंगचं खोलीवजा सभागृह, नेट कधी येते कधी जाते, आणि बाहेरून बँकेचे, खरेदीवाले, कृषी विभागाचे लोक येतात.

इंटरनेटचं पहिले घ्या. विंडोज लॅपटॉप आणि बरेच अँड्रॉइड फोन मिराकास्टनं जोडतात, आणि मिराकास्टमध्ये लॅपटॉप सरळ डोंगलशीच बोलतो, मधात राउटरही नाही आणि इंटरनेटही नाही. लॅपटॉपचं वायफाय फक्त चालू पाह्यजे, कशालाही जोडलेलं नसलं तरी चालते. Win + K दाबलं की डोंगलचं नाव दिसते, त्यावर क्लिक केलं की झालं. नेट लागते ते क्रोमकास्टसारख्या डोंगलला, आणि पाहुणा नेटवरचा व्हिडिओ लावणार असंल तर. पीपीटी अन् एक्सेल दाखवायला काऊन लागंल?

पण कोणाचाही आपोआप येतो हे मात्र खरं नाही, आणि पाहुण्यासमोर फजिती इथंच होते. आयफोनला मिराकास्ट येतच नाही, त्याला एअरप्ले लागते, म्हणून घेताना डोंगलवर दोन्ही आहे का ते पाहा. एअरप्लेसाठी फोन आणि डोंगल एकाच वायफायवर असायला लागतात, आणि पाहुण्यांना आपण गेस्ट वायफाय देतो त्यात राउटर एका मोबाइलला दुसरं काही दिसूच देत नाही, मग नाव यादीतच येत नाही आणि सगळे डोंगलला दोष देतात. बऱ्याच स्वस्त डोंगलचं स्वतःचं वायफाय असते, नाव अन् पासवर्ड टीव्हीवरच दिसते, आम्ही आयफोनवाल्याला तेच जोडायला लावतो. पिक्सेल फोनमध्येही मिराकास्ट नसते, त्याला क्रोमकास्ट लागते. लॅपटॉपला जमते का हे आधी पाह्यचं असंल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका,

```
netsh wlan show driver
```

त्यात Wireless Display Supported समोर Yes असंल तर जमते, No असंल तर त्या लॅपटॉपवर जास्त वेळ घालवू नका, वायर लावा.

आता आमच्या इथं काय झालं ते सांगतो, कारण खेड्यात चालत नाही हे लोकं यावरूनच म्हणतात. बँकेचे साहेब कर्जाचं सादरीकरण दाखवत होते, दर आठ-दहा मिनिटांनी टीव्ही काळा व्हायचा, सगळ्यांनी नेटला नावं ठेवली. मी पाह्यलं तर काळं झाल्यावर डोंगलचा लोगो परत येत होता, म्हणजे डोंगल बंद पडून नव्यानं सुरू होत होता. वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतली होती, आणि टीव्हीच्या साध्या यूएसबीतून बरेचदा अर्धा अँपिअरच मिळते, डोंगलला ती पुरत नव्हती. मोबाइलचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर लावला, तो इन्व्हर्टरच्या बोर्डात घेतला, त्या दिवसापासून बंद पडला नाही.

ही खूण लक्षात ठेवा, लोगो परत आला तर दोष बहुतेक विजेचा, आणि लोगो न येता चित्र नुसतं थिजलं तर बहुतेक वायफायचा. वायफायचा असंल तर डोंगल टीव्हीच्या पाठीमागच्या पत्र्याला चिकटलेला आहे का पाहा, एचडीएमआयचा एक वीतभर एक्स्टेंशन लावून बाहेर काढा. आणि लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असंल तर तेवढ्या वेळापुरता तो तोडून पाहा, कारण एकच रेडिओ दोन चॅनलवर इकडून तिकडं उड्या मारत राहते आणि चित्र अडकते.

एक अजून, जोडताना पिन मागायचं सेटिंग चालू करून ठेवा, नाहीतर बाजूच्या खोलीतला एखाद्याचा फोन भर मीटिंगमध्ये टीव्हीवर येते, आमच्या इथं एकदा आला होता.

वायर फेकू मात्र नका भाऊ. ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपात वायफायच नाही, त्याचं कसं करणार? आमची पाच मीटरची एचडीएमआय टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला कायम लावलेली आहे, टोक टेबलावर, आणि रिमोटवर सोर्स बदलायचा कसा ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय. डोंगल दोन मिनिटांत जोडला नाही की शिपाईमामा स्वतःच वायर पुढं करतात.