शंभर शब्दांची फजिती

रविवारी रात्री साडेनऊला, भांडी घासून ओटा पुसून मी जरा पाय वर करून बसले होते तेवढ्यात चिरंजीव मराठीची वही घेऊन आले. म्हणाले, "आई, उद्या द्यायचंय." हे 'उद्या द्यायचंय' आमच्याकडे नेहमी रविवारी रात्री साडेनऊलाच उगवतं. वहीत बाईंनी फळ्यावरून उतरवून दिलेलं होतं : 'माझी झालेली फजिती' या विषयावर अंदाजे 100 शब्दांत परिच्छेद लिहा. सुरुवात, मध्य व शेवट स्पष्ट असावा.

इयत्ता तिसरी. मी म्हटलं शंभर शब्द म्हणजे किती, दहा वाक्यं, पंधरा मिनिटांत उरकेल. झोपायला पावणेबारा वाजले.

फजितीचा तुटवडा नव्हता हे आधीच सांगते. पंधरा दिवसांपूर्वीच साहेब शाळेतून येताना लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि आमचं घर समजून दुसऱ्यांच्या घरात जाऊन बसले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मजले सारखेच, दारांचा रंगही एकच, आणि नेमकं खालच्यांचं दार उघडं होतं. म्हणजे विषय तयार, प्रसंग तयार, नुसतं उतरवून काढायचं. मी म्हटलं तू लिही, मी नंतर बघते.

वीस मिनिटांनी वही आली. वाचा :

'मी सकाळी सहा वाजता उठलो. मग मी दात घासले. मग मी आंघोळ केली. आईने पोहे केले होते. पोह्यात शेंगदाणे होते. मग मी बूट घातले. मग व्हॅन आली. व्हॅनमध्ये मी खिडकीत बसलो...'

असं करत करत शाळा भरते, डबा खाल्ला जातो (भेंडी, ती आवडली नाही), शाळा सुटते, आणि लिफ्ट कुठे येते तर पंच्याहत्तराव्या शब्दाला! फजितीच्या वाट्याला उरली तीन वाक्यं. 'मी चुकून दुसऱ्यांच्या घरात गेलो. मग मी घरी आलो. मला खूप मजा आली.' बरोब्बर शंभर. शेवटच्या शब्दापुढे पेन्सिलीने 100 लिहून त्याला गोल पण केला होता.

आता तिसरीतली निम्मी पोरं अशीच लिहितात, त्यात त्याचा दोष नाही. त्यांना सुरुवात म्हणजे दिवसाची सुरुवात वाटते आणि शेवट म्हणजे झोपणे. गोष्टीला स्वतःची वेगळी सुरुवात असते हे कुणी सांगितलेलंच नसतं, फळ्यावर नुसतं 'स्पष्ट असावा' लिहून काय कळणार डोंबल. मग मी त्याला एक युक्ती दाखवली, जी मला पण त्याच क्षणी सुचली पण मी अशा थाटात सांगितली की जणू माझ्या आजीने मला दिलीय. पहिल्या वाक्यावर हात ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. गोष्ट कळतेय? मग ते वाक्य खोडायचं. दुसऱ्यावर हात ठेवायचा. कळतेय? खोडायचं. ज्या वाक्यावर हात ठेवल्यावर पुढचं काही कळेनासं होतं तिथे आपली सुरुवात. त्याला हा खेळ भयंकर आवडला, दात गेले, आंघोळ गेली, व्हॅन गेली. शेंगदाण्यापाशी जरा रडारड झाली. शेवटी हात लिफ्टच्या दारावर येऊन थांबला आणि शंभरातले तीस पण शब्द शिल्लक राहिले नाहीत.

"आता सत्तर कुठून आणू?" म्हणून भोकाड.

इथे घरातले तज्ज्ञ जागे झाले.

नवरा क्रिकेट बघत होता, तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "अरे जरा फुलवून लिही की. 'आमची सोसायटी निसर्गाच्या सान्निध्यात वसलेली आहे' असं टाक." आमच्या खिडकीतून शेजारच्या टॉवरचे ड्रेनेजचे पाइप दिसतात. चिरंजीवांनी "सान्निध्यात म्हणजे काय?" विचारलं तर म्हणाला, "म्हणजे असतंच ते निबंधात."

सासूबाई रिटायर्ड शिक्षिका, त्या आतल्या खोलीतून चष्मा लावत आल्याच. त्यांचं म्हणणं, शेवटी तात्पर्य पाहिजे. 'यावरून मला धडा मिळाला की नेहमी दारावरची पाटी वाचावी. म्हणतात ना, पुढच्यास ठेच मागचा शहाणा.' मी म्हटलं आई, ठेच त्यालाच लागली आणि त्याच्या मागे तर कोणीच नव्हतं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हण असली की अर्धा मार्क जास्त मिळतो." तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईंसमोर मी काय बोलणार?

तोपर्यंत चिरंजीवांनी स्वतःचा मार्ग शोधला होता. 'घरासमोर'चं 'घरा समोर' केलं, 'टीव्हीशेजारी'चं 'टीव्ही शेजारी', 'माझ्याकडे'चं 'माझ्या कडे'. तीन शब्द फुकटात! सासूबाईंनी तिथल्या तिथे पकडला. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचं असतं, 'समोर' सुटं काढून दोन मोजलेस तर बाई शुद्धलेखनाचा मार्क कापतील, म्हणजे कमावले तीन शब्द आणि घालवला एक मार्क. पोरगं खट्टू झालं, आणि खरं सांगू का मला त्याची थोडी दयाच आली, कारण आदल्याच आठवड्यात इंग्लिशच्या बाईंनी पण शंभर शब्द दिले होते आणि तिथे 'ऑन द फोर्थ फ्लोअर' लिहिलं की चार शब्द खिशात. मराठीत 'चौथ्या मजल्यावर', झाले दोनच. आपला प्रत्यय शब्दाला चिकटून बसतो, वेगळं तिकीट काढत नाही, त्यामुळे मराठीचे शंभर शब्द भरायला मजकूर जास्त लागतो. हे शाळेत कोणी लक्षात घेत नाही, दोन्हीकडे आपले शंभर.

मग मी वहीच्या मागच्या पानावर तीन चौकोन काढले. पहिल्यात 20, मधल्यात 60, शेवटच्यात 20. एक वाक्य साधारण आठ शब्दांचं धरलं, म्हणजे सुरुवातीला दोन-तीन वाक्यं, मध्ये सात-आठ, शेवटी दोन-तीन. पहिल्या चौकोनात फक्त कुठे आणि काय चुकलं. बास. शेवटच्यात सुटका. आणि मधल्यात... मधल्यात काय हाच तर प्रश्न होता, कारण त्याच्या वहीत मध्य नव्हताच. गेलो, आलो, मजा आली. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत काय झालं ते गायब.

"आत गेल्यावर काय केलंस?"

"काही नाही."

"उभा राहिलास का नुसता?"

"नाही. दप्तर फेकलं. मग ओरडलो आई भूक लागली म्हणून."

"हे का नाही लिहिलंस?"

"हे मी रोजच करतो."

बघा, म्हणजे दात घासलेले रोजचे असून लिहायचे आणि परक्याच्या सोफ्यावर दप्तर फेकलं ते रोजचं म्हणून सोडायचं! मी म्हटलं बरं, मग तुला कळलं कसं की हे आपलं घर नाही? त्याने अतिशय शांतपणे सांगितलं, "मासे होते ना. आपल्याकडे मासे नाहीत."

आणि मला तिथे मध्य सापडला. मासे दिसण्याआधी सगळं नेहमीचं, मासे दिसल्यावर सगळं गडबड. आणि पठ्ठ्याला तरीही घर चुकल्याचं लगेच कळलं नव्हतंच, त्याला वाटलं मी त्याला न सांगता मासे आणले. हे मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा कळत होतं. नवऱ्याने पण मॅच म्यूट केली.

मग त्याने परत लिहिलं. 'मग' हा शब्द वापरायचा नाही एवढीच अट घातली. त्याऐवजी 'एवढ्यात' चालेल का विचारलं, म्हटलं एकदा चालेल. हे घ्या :

'त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि मी बाहेर पडलो. मजला तिसरा होता, आमचा चौथा आहे, पण मी ते पाहिलंच नाही. दार उघडंच होतं. मी बूट काढले, दप्तर सोफ्यावर फेकलं आणि जोरात ओरडलो, "आई, भूक लागली!" आतून कोणीच बोललं नाही. मी टीव्ही लावायला रिमोट शोधला, तर टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत दोन केशरी मासे फिरत होते. मला वाटलं, आईने मला न सांगता मासे आणले. एवढ्यात आतून टॉवेल गुंडाळलेले एक आजोबा आले. ते म्हणाले, "बाळ, तू कोणाचा?" माझे पाय थरथरायला लागले. आजोबांनी मला बिस्किट दिलं आणि वरच्या मजल्यावर सोडलं. आई खूप हसली. बिस्किट क्रीमचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी परत चुकलो.'

पहिली दोन वाक्यं मोजलीत तर बरोब्बर वीस शब्द, आणि ही शपथेवर सांगते की जुळवलेले नाहीत. एकूण सत्त्याण्णव. तीन कमी पडले म्हणून परत तोंड पडलं, 'खूप खूप खूप हसली' लिहू का म्हणाला. सासूबाईंनी सांगितलं की 'अंदाजे' लिहिलंय ना, पाच-दहा शब्द इकडे तिकडे चालतात, खूप खूप केलंस तर मात्र बाईंना लगेच कळेल की भर घातलीय. हे त्यांचं मला मनापासून पटलं.

भांडण झालं ते शेवटच्या वाक्यावरून. सासूबाई म्हणाल्या हे काढ, बाईंना वाटेल हावरट आहे. नवरा म्हणाला टॉवेल पण काढ, आजोबांना काय वाटेल, 'प्रेमळ आजोबा' लिही. आणि मी, जी दीड तास मोठी मास्तरीण होऊन बसले होते, ती पण म्हणाले की बाळा 'मी परत चुकलो' ऐवजी 'आता मी नीट बघून उतरतो' कर, गोष्ट कशी नीट मिटते. तर तो म्हणाला, "पण मी नाही ना बघत." आणि वही मिटून दप्तरात टाकून झोपायला गेला. टॉवेलही राहिला, बिस्किटही राहिलं.

बुधवारी वही तपासून आली. पाचपैकी चार. 'टीव्हीशेजारी' जोडून लिहिल्याबद्दल बरोबरची खूण वगैरे काही नव्हती, सासूबाईंनी ती शोधून पाहिली. एक मार्क कशाचा गेला तर 'उघडलं', 'फेकलं', 'दिलं' अशा सगळ्या बोलीतल्या शब्दांवर लाल रेघा, वर 'उघडले, दिले' लिहिलेलं. आईच्या तोंडातलं मराठी वहीत उतरलं तर असं होतं, ती माझी चूक, मी वाक्यं मोठ्याने म्हणून घेत होते. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत आणि आता म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

शेवटच्या वाक्याखाली मात्र रेघ नव्हती. तिथे बाईंनी समासात बारीक अक्षरात विचारलं होतं, 'खरंच परत गेलास का?'

आणि त्याखाली पेन्सिलीने, गोल गोल अक्षरात, आमच्या चिरंजीवांचं उत्तर : 'हो. चार वेळा.'

मी आत्ता क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघालेय. काय बोलायचं ते लिफ्टमध्ये ठरवते.