अडतीस ठिपके आत, म्हणून काय?

«शिबिरात ४० जणांचं वरचं बीपी आधी पाऱ्याच्या मशीनवर घेतलं, मग डिजिटलवर. सहसंबंध ०.९२. सरासरी फरक फक्त १. ब्लँड-आल्टमन आलेखात ४० पैकी ३८ ठिपके रेषांच्या आत. म्हणजे दोन्ही मशीन सारखीच. पारा काढून टाका!»

सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांसाठी झालेल्या शिबिराचा हा मेसेज मला आठवड्यात चार ग्रुपवर आला. सोबत आलेखाचा फोटो होता हे बरं झालं, कारण उत्तर त्या फोटोतच आहे.

सहसंबंधाचं आधी उरकून टाकू. डिजिटलच्या प्रत्येक आकड्यात २० मिळवा, ०.९२ जागचा हलणार नाही. दोन्ही आकडे बरोबरीने चढतात-उतरतात एवढंच तो सांगतो. नेमकी हीच गफलत दाखवून देण्यासाठी ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. त्यांच्या आलेखात आडव्या अक्षावर प्रत्येक माणसाच्या दोन मोजमापांची सरासरी असते आणि उभ्या अक्षावर त्यांच्यातला फरक. इथे तो फरक डिजिटल वजा पारा असा काढलाय.

आता त्या ३८ ठिपक्यांचं. वरची आणि खालची रेषा कुठून येते? याच ४० फरकांमधून. त्यांची सरासरी १ आणि प्रमाण विचलन, म्हणजे फरक सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ९. विचलनाला १.९६ ने गुणलं की १७.६. ते सरासरीत मिळवलं की वरची रेषा १८.६ वर, वजा केलं की खालची उणे १६.६ वर. रेषा आखल्याच अशा आहेत की साधारण ९५ टक्के ठिपके आत पडावेत. मशीन कितीही भिकार असलं तरी पडतील, फक्त रेषा लांब जातील. आपल्या गावात गणवेश शिवणाऱ्या कुठल्याही टेलरला विचारा: अंगाचं माप घेऊन शिवलेला सदरा अंगाला बसला, यात कौतुक कसलं?

ठिपके मोजायचे नसतात, रेषांमधलं अंतर बघायचं असतं. पाऱ्यावर १३८ आलेल्या माणसाला हे डिजिटल १२१ दाखवू शकतं आणि १५७ सुद्धा. एकाला गोळी नको म्हणाल, दुसऱ्याला आजच सुरू कराल. एवढा फरक चालेल की नाही, हे आलेख सांगत नाही. ते डॉक्टरने आधी ठरवायचं आणि मग रेषांकडे बघायचं. मशीन तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ८१०६०-२ मध्ये, किमान ८५ माणसं लागतात. सरासरी फरक ५ च्या आत हवा आणि विचलन ८ पेक्षा जास्त नको. इथे माणसंच निम्म्याहून कमी, आणि विचलन ९.

पण मला खरा घोर लागला तो सरासरी फरकाचा. फोटोवर पट्टी ठेवून बघा. ठिपके आडवे पसरलेले नाहीत, डावीकडून उजवीकडे उतरतात. ११० च्या आसपास फरक अधिक ८, १७० पाशी उणे १०. म्हणजे कमी बीपीवाल्याला हे मशीन जास्त दाखवतं, जास्तवाल्याला कमी. दोघांनी एकमेकांना खोडलं आणि हाती १ उरला. असा उतार असताना आडव्या रेषा मुळात लागूच पडत नाहीत, त्या उताराबरोबर तिरक्या काढाव्या लागतात. तशा काढल्या की १६५ पाशी फरकाचा पल्ला साधारण उणे २३ ते अधिक ६ असा येतो. आणि नेमक्या त्याच माणसांसाठी तर शिबिर होतं.

एक ठिपका मी बोट ठेवून शोधला: आडवा १६५, उभा उणे १४. म्हणजे पाऱ्यावर १७२, डिजिटलवर १५८. मेसेजच्या हिशोबात हा ‘आत’ पडलेल्या ३८ मधला एक.

सगळा दोष डिजिटलच्या माथी मारायचा नाही, तेही सांगतो. फोटोत ठिपक्यांच्या तिरक्या ओळी दिसतात, चादरीवरच्या नक्षीसारख्या. पारा वाचणाऱ्याने १३०, १४०, १५० असे गोल आकडे लिहिले की अशाच ओळी पडतात. शिवाय दर वेळी पारा आधी घेतलाय. दुसऱ्यांदा पट्टा बांधेपर्यंत माणूस निवांत होतो आणि बीपी थोडं उतरतं. एकाच मशीनवर दोनदा घेतलं तरी आकडा हलतोच. विचलनाच्या त्या ९ मधले किती मशीनचे आणि किती माणसाचे, हे अशा एकेका मोजमापातून कळायची सोय नाही. त्यासाठी प्रत्येकाचं दोन्ही मशीनवर दोन-दोनदा, आलटून पालटून घ्यावं लागतं, पारा दोनच्या पटीत वाचावा लागतो, आणि डिजिटलचा आकडा पारा वाचणाऱ्याला दिसू द्यायचा नसतो.