पद तेच ठेवा, माप सोबत द्या

परदेशात नोकरीसाठी अर्ज करताना बायो, म्हणजे आपल्या कामाची चार ओळींतली ओळख, कसा लिहावा यावर मी लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: «लेख वाचला. पण कंपनीची ओळख करून द्या, पदाचा अर्थ सांगा, आकडे वेगळे मांडा, हे म्हणजे आपली बाजू लंगडी आहे अशी कबुलीच नाही का? अकरा वर्षं औषध कंपनीच्या खरेदी विभागात काढली, शेवटी डेप्युटी मॅनेजर होतो. ते पद बदलून लिहायचं म्हणजे सरळ खोटं. आणि बायो कसाही लिहा, इथल्यांना शेवटी "इथलाच अनुभव" हवा असतो.»

पदाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि माझ्या लेखात ती जागा सैल राहिली होती. पद अजिबात बदलू नका. नोकरी पक्की होण्याआधी बऱ्याच ठिकाणी पार्श्वभूमी तपासणी होते. तपासणारे जुन्या कंपनीच्या एचआरला पद आणि तारखा विचारतात. अनुभवपत्रावर «डेप्युटी मॅनेजर» आणि बायोत «प्रोक्युरमेंट हेड» असं निघालं की ती विसंगती म्हणून नोंदली जाते, आणि मग हातात आलेली ऑफरही जाऊ शकते.

पण नुसतं «डेप्युटी मॅनेजर» लिहूनही भागत नाही. काही कंपन्यांत डेप्युटी म्हणजे विभागातला दोन नंबरचा माणूस, साहेब रजेवर गेले की विभाग चालवणारा. पायऱ्या पायऱ्यांच्या मोठ्या कंपनीत मात्र असिस्टंट मॅनेजर आणि मॅनेजर यांच्यामधली ती एक पायरी असते, आणि त्या पायरीवर एकाच वेळी वीस जण उभे असू शकतात. वाचणाऱ्याला यातलं तुमचं कुठलं हे कळायला मार्ग नाही. तो एकतर जास्त समजेल आणि मुलाखतीत तुमचा फुगा फुटेल, किंवा कमी समजेल आणि मुलाखतच होणार नाही. म्हणून पद जसंच्या तसं लिहायचं आणि लगेच पुढे दोन गोष्टी जोडायच्या: तुम्ही कुणाला रिपोर्ट करत होता आणि तुमच्या हाताखाली कोण होतं. यात कबुली कसली? नकाशावर प्रमाणपट्टी असते, तेवढंच हे.

तुमच्यासारखीच नोकरी धरून एक नमुना करू. आकडे अर्थात कल्पित. बायो प्रत्यक्षात अर्जाच्या भाषेत लिहायचा, इथे समजायला मराठीत देतो. बहुतेकांचा पहिला खर्डा असा असतो:

«नामांकित औषध कंपनीत 11 वर्षांचा समृद्ध अनुभव असलेला मेहनती खरेदी व्यावसायिक. 40 कोटींची वार्षिक खरेदी सांभाळली. 30 जणांचं नेतृत्व केलं.»

«नामांकित» हा शब्द नव्या देशात निकामी आहे, कारण तिथे ते नाव कुणी ऐकलेलंच नसतं. त्याऐवजी कंपनी काय बनवते, किती माणसं काम करतात आणि माल कुठे जातो, हे एका वाक्यात आलं की वाचणारा आपल्या ओळखीच्या एखाद्या कंपनीशी मनात तुलना करतो.

«40 कोटी»ची गंमत वेगळी. कोटी हा शब्द आपल्याकडचा. बाहेर 400 मिलियन म्हणावं लागतं आणि स्वल्पविरामही वेगळ्या जागी पडतात. पण खरी अडचण त्यापुढे आहे. ती रक्कम नव्या देशाच्या चलनात बदलली की आकडा आक्रसतो. माल आणि मजुरी स्वस्त असलेल्या ठिकाणची मोठी खरेदी तिथे मध्यम वाटू लागते. म्हणून रकमेवर सगळा भार टाकू नका. हिस्सा लिहा: कारखान्याच्या एकूण पॅकिंग खरेदीपैकी किती भाग तुमच्याकडे होता. अपूर्णांकाला विनिमय दर लागत नाही.

«30 जणांचं नेतृत्व» तर उलटंही पडू शकतं. जिथे मजुरी महाग, तिथे ऑफिसातले गट लहान असतात. खरेदीत 30 माणसं म्हटल्यावर वाचणाऱ्याला शंका येते, की हा गोदामातल्या हमालांवर देखरेख करत होता की काय. त्यात 6 खरेदी अधिकारी आणि बाकीचे गोदामातले असतील, तर तसं फोडून लिहा किंवा फक्त 6 लिहा. लहान पण नेमका आकडा मोठ्या संशयास्पद आकड्यापेक्षा जास्त काम करतो.

मग तोच खर्डा असा होतो:

«औषधांच्या पॅकिंग मालाच्या खरेदीत 11 वर्षं. गोळ्या बनवून 20 देशांना पाठवणाऱ्या, 1,800 कामगारांच्या कारखान्यात शेवटची 4 वर्षं डेप्युटी मॅनेजर (खरेदी): थेट विभागप्रमुखांना रिपोर्टिंग, हाताखाली 6 खरेदी अधिकारी. फॉइल, खोकी आणि बाटल्यांचे 85 पुरवठादार, म्हणजे कारखान्याच्या पॅकिंग खरेदीचा सुमारे तिसरा हिस्सा; दहापैकी नऊ ऑर्डर स्वतःच्या सहीने. फॉइलसाठी दुसरा पुरवठादार मंजूर करून घेतल्याने माल यायला 45 ऐवजी 28 दिवस लागू लागले. खरेदी एसएपीवर, पुरवठादारांचं जीएमपी ऑडिट स्वतः.»

यातलं फॉइलचं वाक्य नीट बघा. बाहेरच्या माणसाला ते साधं वाटेल, पण औषधाच्या धंद्यातला माणूस तिथे थांबेल. फॉइल गोळीला प्रत्यक्ष चिकटून असतं, त्यामुळे त्याचा पुरवठादार भाव पाहून एका दिवसात बदलता येत नाही. नमुने, औषध त्या फॉइलमध्ये टिकतं का याच्या चाचण्या, गुणवत्ता विभागाची मंजुरी, यात महिनोन्‌महिने जातात. «मंजूर करून घेतला» या तीन शब्दांत तुम्ही ते सगळं केलंय हे त्याला कळतं, आणि त्यासाठी तुमचा देश त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. एसएपी हे खरेदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएमपी हे औषध बनवण्याचे दर्जाचे नियम, यांचंही तसंच. हे शब्द सीमा ओलांडून जातात. मात्र तुम्ही जे स्वतः वापरलंय तेच लिहा. ऑडिटला फक्त हजर होता, तर «स्वतः» हा शब्द काढा.

लिहून झाल्यावर एक तपासणी करा. तुमच्या कंपनीशी ज्याचा काहीही संबंध नाही अशा माणसाला बायो अर्धा मिनिट वाचायला द्या आणि कागद काढून घ्या. मग विचारा: कंपनी केवढी होती, मी कुणाच्या हाताखाली आणि कुणाच्या वर होतो, कोणता निर्णय माझा मी घेऊ शकत होतो? ज्या प्रश्नाला तो अडखळेल, त्याचं वाक्य कच्चं.

आता «इथलाच अनुभव». हा अडथळा खरा आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने तर 2013 मध्ये धोरणच काढलं, की «कॅनडाचा अनुभव हवा» अशी सरसकट अट हा प्रथमदर्शनी भेदभाव ठरतो. पण प्रत्येक वेळी कारण तेच असतं असं नाही. कधी कधी भरती करणाऱ्याला अनुभवाची उंची मोजता येत नाही आणि तो सोपं कारण पुढे करतो. पहिल्या प्रकारापुढे बायोचं काही चालत नाही, दुसऱ्यापुढे चालतं. नकार कुठे येतो हे बघा. अर्जावरच येत असेल तर बायो दुरुस्त करून बघण्यात अर्थ आहे. दोन-तीन मुलाखतींनंतर येत असेल तर दोष बायोत शोधू नका.

आणखी एक मर्यादा. नर्स, वास्तुविशारद अशा नोंदणी लागणाऱ्या पेशांत बायो कितीही चोख असला तरी परवाना नसेल तर उपयोग नाही. उलट जुनं पद जपून लिहावं लागतं: ब्रिटनमध्ये 1997 च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना «आर्किटेक्ट» म्हणवून व्यवसाय करता येत नाही. अशा वेळी पद आणि देश जोडून लिहा, आणि नव्या देशातली नोंदणी कुठल्या टप्प्यावर आहे ते एका ओळीत सांगा. तुमच्या खरेदीच्या कामाला सहसा असला परवाना लागत नाही, म्हणून तुम्ही आधी ते 30 जण फोडून लिहा आणि कुठल्या ऑर्डरवर तुमची सही चालायची ते आठवून काढा.