बॉलला आधी पाय लागला तरी फाऊल होतो

"स्लायडिंग टॅकलमध्ये पाय आधी बॉलला लागला, की रेफरी फाऊल देऊच शकत नाही." नाशिकच्या फुटबॉल ग्रुपवर फिरणारा मेसेज.

असा नियम नाही. नियम १२ मध्ये रेफरी पाहतो ती टॅकलची पद्धत. निष्काळजी असेल तर फ्री किक, समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता केली तर यलो, आणि अती जोर लावला किंवा त्याच्या सुरक्षिततेला धोका झाला तर रेड. बॉल आधी लागला हे बचावाच्या बाजूने धरलं जातं, पण तेवढ्याने सुटका होत नाही.

समजा, विंगर टचलाइनजवळून पळतोय आणि बॉल त्याच्या पायापासून पाऊलभर पुढे सुटला. बाजूने घसरायची वेळ हीच. खालचा पाय गुडघ्यात दुमडा, मांडीच्या बाहेरच्या बाजूवर घसरा, वरच्या पायाने बॉल बाहेर ढकला. स्टड जमिनीलगत ठेवा. बॉल गेल्यावरही ताठ पाय स्टड दाखवत त्याच्या घोट्यावर आदळला, तर रेड निघू शकतं, आणि ते योग्यच आहे.

बॉल त्याच्या पायाशी चिकटलेला असेल किंवा तुमच्यामागे कव्हर नसेल, तर उभेच राहा. पेनल्टी बॉक्समध्ये तर नक्कीच. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या कडक मुरमाड मैदानावर शरीर लवकर अडतं, पावसाळ्यात ओल्या गवतावर लांब जातं. म्हणून ओल्यात थोडं आधी, अंतर ठेवून घसरा.