ग्राइंडरवरचा आकडा आणि घरातली चाळण

“माझ्या कॉफी ग्राइंडरवर २४ क्लिकला पोअर-ओव्हर, म्हणजे वरून पाणी ओतून गाळलेली कॉफी, एकदम मस्त होते, तुम्हीही २४ ठेवा. आकडा कंपनीनेच दिलाय, मग दळलेली पूड चाळत कशाला बसायचं? घरातल्या चाळण्या काही लॅबच्या नसतात. आणि शेवटी चवीवरून कळतंच की.”

असं सांगणारे भेटतात. आधी त्यांचा तो २४. क्लिक म्हणजे डायल फिरवताना पडणारा एकेक खटका, ते काही माप नव्हे. एका क्लिकला बर, म्हणजे बीन्स दळणारे दातेरी भाग, किती सरकतात हे मॉडेलगणिक बदलतं. काही हँड ग्राइंडरमध्ये ते साधारण १२ मायक्रॉन असतं, काहींत ३० च्या आसपास. म्हणजे २४ क्लिकला एकाच्या बरमध्ये जेमतेम ०.३ मिलिमीटर फट पडेल, दुसऱ्याच्यात ०.७. मॉडेल एकच असलं तरी शून्य कुठून धरायचं हा प्रश्न उरतोच. कुणी बर घासल्याचा आवाज आला की शून्य म्हणतो, कुणी हँडल पूर्ण अडकल्यावर. तिथेच दोन-चार क्लिकचा फरक पडतो. साफसफाईसाठी बर उघडून परत बसवले की तुमचं स्वतःचं शून्यही हलू शकतं.

कंपनीने दिलेला आकडा खोटा नसतो. तो फक्त बरमधल्या फटीचा असतो, पुडीचा नसतो. एकाच फटीतून जाडसर कणही पडतात आणि धुळीसारखी बारीक पूडही पडते. दोन्हींचं प्रमाण बीन्सवर ठरतं. डार्क रोस्ट ठिसूळ असतो, त्यामुळे त्याच आकड्यावर जास्त चुरा होतो. लाइट रोस्ट चिवट, तो तितका फुटत नाही. आकडा दोन्ही वेळा २४ च, भांड्यातली पूड मात्र वेगळी.

आता चाळण. ती लॅबची नसते हे शंभर टक्के खरं, पण लॅबचं काम तिला कुणी सांगितलंय? ‘या पुडीचे कण अमुक मायक्रॉनचे’ असा निकाल तिच्याकडून मागू नका. ‘आजची पूड मागच्या वेळेसारखी आहे का’ एवढंच विचारा, आणि ते ती चोख सांगते. अट एकच, चाळण दर वेळी तीच हवी.

घरात बहुधा दोन चाळण्या सापडतातच, एक रव्याची आणि एक मैद्याची. जाळी विणलेल्या तारेची असावी. भोकं पाडलेल्या पत्र्याची नको, त्यात भोकं बऱ्यापैकी मोठी असतात. जाळीवर पट्टी ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढा आणि २ सेंटीमीटरमध्ये किती घरं बसतात ते मोजा. २० घरं असतील तर एक घर तारेसकट १ मिलिमीटर. तार ०.३ ची धरली तर मोकळी जागा ०.७. एवढा अंदाज पुरे.

मग २० ग्रॅम कॉफी दळा. रव्याची चाळण वर, मैद्याची खाली, त्याखाली ताट. मिनिटभर कडेला टिचक्या मारत हलवा. बोटाने किंवा चमच्याने घासू नका, कण चुरडले की मोजणीच बिघडते. नंतर तिन्ही वाटे ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. समजा वर ९ ग्रॅम राहिली, मधे ८ आणि ताटात ३. कॉफी आवडली तर हे तीन आकडे बीन्सच्या पाकिटावर लिहून ठेवा. पुढे बर साफ करून बसवल्यावर त्याच बीन्सचे त्याच २४ क्लिकला वर ५, मधे १० आणि ताटात ५ आले, तर दळण बारीक झालंय. एक-दोन क्लिक मोकळं करून पुन्हा चाळा. वरचा वाटा ९ च्या जवळ आला की थांबा, तेव्हा डायल २६ दाखवत असला तरी बिनधास्त.

फसगत होते ती बारीक पुडीत. कोरड्या हवेत ती स्थिर विजेने जाळीला आणि ग्राइंडरच्या डब्याला चिकटते, मग ताटात ३ ऐवजी २ भरतात आणि आपण उगाच डायल फिरवतो. म्हणून तिन्ही वाट्यांची बेरीज करा. २० पैकी अर्ध्या ग्रॅमहून जास्त गायब असेल तर ती फेरी सोडून द्या. दळण्याआधी बीन्सवर पाण्याचा एखादा थेंब टाकून ढवळलं की हे बरंच कमी होतं. तेलकट डार्क रोस्ट जाळी बुजवतो, दर वेळी ब्रश फिरवावा लागतो. चिकोरी घालायची असेल तर चाळून झाल्यावर घाला, ती हवेतला ओलावा ओढून गोळे धरते.

चवीबद्दल वाद नाही, प्यायची तीच आहे. पण कप आंबट लागला तर दोष जाड दळणाचा, कोमट पाण्याचा की घाईने ओतण्याचा, हे जीभ सांगत नाही. तीन वाटे जुन्या नोंदीशी जुळले तर दळण बाजूला ठेवून सरळ किटलीकडे बघता येतं.

एस्प्रेसोला मात्र हा उद्योग करू नका. तिथे एक-दोन क्लिकचा जो फरक महत्त्वाचा असतो, तो घरातल्या चाळणीत उमटत नाही. शॉट किती सेकंदांत उतरतो तेच बघा.