गरोदरपणातली शुगर: उपाशीपोटीचा आकडा पुरेसा का नाही

‘गरोदरपणात शुगर होते ती गोड खाल्ल्याने. मी गोड खातच नाही आणि उपाशीपोटीची शुगर ८४ आली आहे. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन बाळाला त्रास कशाला? तीन महिन्यांची सरासरी बघितली की झालं. आणि चाचणी करायचीच असेल तर आधी तीन दिवस भात-पोळी बंद ठेवा, रिपोर्ट नॉर्मल येतो.’

असं बऱ्याचदा ऐकू येतं, पण या शुगरचं मूळ कारण गोड खाण्यात नाही, वारेत आहे. वार बाळाला पोसते, तशी काही संप्रेरकंही आईच्या रक्तात सोडते आणि त्यांनी इन्सुलिनचा जोर कमी होतो. हे मुळात बाळासाठीच असतं. आईच्या जेवणातली साखर रक्तात थोडी जास्त वेळ राहिली की बाळाला त्याचा वाटा मिळतो. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हा विरोध वाढत जातो आणि शेवटच्या महिन्यांत आईच्या स्वादुपिंडाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करावं लागतं. बहुतेकींना ते जमतं. जिच्या स्वादुपिंडाकडे तेवढी शिल्लक ताकद नसते, तिची साखर चढते. घरात मधुमेह, आधीपासून जास्त वजन किंवा पीसीओडी असेल तर ही शक्यता जास्त. पेढा सोडला तरी ताटातली भाकरी आणि भात पोटात जाऊन ग्लुकोजच होतात.

८४ हा आकडा खरा आहे, पण तो रात्रीचा हिशोब सांगतो. रात्रभर बाळ आईच्या रक्तातून ग्लुकोज ओढत असतं, म्हणून गरोदरपणात उपाशीपोटीची साखर एरवीपेक्षा कमीच येते. बिघाड दिसतो तो जेवणानंतर, स्नायूंनी साखर उचलायची वेळ आली की. समजा, २६व्या आठवड्यात ७५ ग्रॅमच्या चाचणीत एकीची उपाशीपोटी ८४, ग्लुकोज प्यायल्यावर एका तासाने १७१ आणि दोन तासांनी १५८ आली. तीनदा रक्त देण्याच्या या पद्धतीत मर्यादा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३ आहेत, आणि एकही आकडा मर्यादेला पोचला तरी निदान होतं. इथे पहिले दोन आकडे ठीक आहेत, तिसऱ्याने निदान केलं. नुसत्या ८४ वर ती घरी गेली असती.

सरकारी कार्यक्रमातली पद्धत वेगळी आहे. तिथे उपाशी यावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर शुगर आहे. पहिल्याच भेटीत ही चाचणी होते आणि तेव्हा नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. दोन पद्धतींच्या मर्यादा एकमेकींत मिसळू नका. दोन तासांचा १४६ एका पद्धतीत नॉर्मल आहे, दुसरीत नाही. म्हणून चाचणी कोणत्या पद्धतीने झाली, ते रिपोर्टवर लिहून घ्या.

ग्लुकोजची भीती बाळगू नका. दोन ज्वारीच्या भाकरी आणि वाटीभर भातात ७५ ग्रॅमहून जास्त पिष्ट जातं. फरक एवढाच, की ग्लुकोज झपाट्याने रक्तात येतं, म्हणून मळमळतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. दोन तास बसून राहायचं. फिरलात तर स्नायू साखर वापरतात आणि आकडा खोटा उतरतो. बाळाला त्रास होतो तो आठवडेच्या आठवडे चढलेल्या साखरेचा. ग्लुकोज वारेतून पलीकडे जातं, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, अंगाने मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली येऊ शकते.

प्रयोगशाळेतही चूक होते. रक्तपेशी नळीतली साखर खातच राहतात, साधारण तासाला ५ ते ७ टक्के. राखाडी टोपणाच्या नळीत हे थांबवणारं फ्लोराइड असतं, पण पहिला तास-दोन तास तेही पुरतं रोखत नाही. खरी साखर १४५ असेल आणि नळी तासभर तशीच पडून राहिली, तर रिपोर्ट १३६ म्हणेल. रक्त घेतल्यावर लगेच प्लाझ्मा वेगळा केला जातो का, हे विचारायला संकोच करू नका.

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, इथे ग्लुकोजच्या चाचणीची जागा घेत नाही. गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात, म्हणून ती खरीपेक्षा कमी दिसते. लोहाची कमतरता असेल तर ती उलट वाढते. आणि आपल्याकडे गरोदर बायकांत लोह कमी असणं काही नवं नाही.

तीन दिवस भात-पोळी बंद ठेवण्याचा उलटाच परिणाम होऊ शकतो. पिष्टाची सवय मोडलेल्या शरीराला एकदम आलेलं ग्लुकोज आवरत नाही आणि नसलेली शुगर रिपोर्टात दिसते. आधीचे तीन दिवस रोजचंच जेवा. आणि चाचणीत शुगर निघाली, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी उपाशीपोटी ७५ ग्रॅमचीच चाचणी पुन्हा करा. वार गेल्यावर साखर बहुधा उतरलेली असते, पण उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा जास्त आली तर मधुमेह राहिलेला असतो.