एकटी संख्या आणि एक्सॉर: एका आक्षेपाला उत्तर

«तुम्ही लिहिता की जोड्या एकमेकींना रद्द करतात आणि एकटी संख्या उरते. पण तुमच्याच ६, ११, १३, ६, १३ या उदाहरणात तिसऱ्या संख्येनंतर x शून्य होतो, म्हणजे तोवरचे सगळे पुसले गेले. तरीही शेवटी ११ कसे येतात? मला हा आकड्यांचा योगायोग वाटतो. मी ४, ७, १३, ७, ४, ७ ही यादी दिली तर १० आले, आणि १० तर यादीतच नाही. असल्या हातचलाखीपेक्षा डिक्शनरीत मोजणे सरळ नाही का?»

नमस्कार. मूळ लेखातला प्रश्न असा होता: यादीत एक संख्या एकदाच येते आणि बाकी प्रत्येक संख्या नेमकी दोनदा; ती एकटी संख्या शोधायची, आणि त्यासाठी शून्यापासून सुरू होणाऱ्या x या चलात एकामागून एक संख्या एक्सॉरने, म्हणजे पायथनमधल्या `^` या क्रियेने, मिसळत जायची. आपला पहिला आक्षेप खरे तर माझ्या शब्दरचनेवर आहे आणि तो मला मान्य आहे. ‘जोड्या रद्द होतात’ असे वाचल्यावर वाटते की दुसरा ६ आला की तो आधीच्या ६ ला शोधून काढतो आणि दोघे मिळून नाहीसे होतात. लूपमध्ये असे काहीही घडत नाही; x ला आधी कोणत्या संख्या येऊन गेल्या हे मुळी ठाऊकच नसते.

```python
def ekti(yadi):
    x = 0
    for n in yadi:
        x ^= n
    return x
```

येथे `x ^= n` ही ओळ एवढेच करते की n च्या बायनरी रूपात ज्या ज्या स्थानी १ असेल, त्या स्थानचा x मधला बिट उलटतो, आणि जेथे ० असेल तेथे तो आहे तसाच राहतो. हातचा कधीच नसल्यामुळे एका स्थानावरच्या घडामोडीचा शेजारच्या स्थानाला पत्ता लागत नाही. म्हणून x कडे यादीची आठवण म्हणून न पाहता, प्रत्येक स्थानी आतापर्यंत आलेल्या १ ची संख्या सम आहे की विषम, याची नोंद म्हणून पाहावे. आपण उल्लेखिलेले उदाहरणच या नजरेने मांडून पाहू.

```
 ६   ०११०
११   १०११
१३   ११०१
 ६   ०११०
१३   ११०१
```

आता आडवे न वाचता उभे वाचा. डावीकडच्या पहिल्या, म्हणजे ८ च्या स्थानी १ हा अंक तीन वेळा आला आहे, ४ च्या स्थानी चार वेळा, २ च्या स्थानी तीन वेळा आणि १ च्या स्थानीही तीन वेळा. जेथे विषम तेथे १ आणि जेथे सम तेथे ० लिहिले की १०११ मिळते, आणि हेच ११. दोन्ही ६ मिळून कोणत्याही स्थानी एकतर दोन १ देतात किंवा एकही देत नाहीत, त्यामुळे ते कितव्याही क्रमांकावर आले तरी सम-विषमात फरक पडत नाही. १३ चेही तसेच. उरलेली विषमता येते ती केवळ ११ मुळे.

तिसऱ्या पायरीवरच्या शून्याचा उलगडाही यातच आहे. ६ आणि ११ यांचे एक्सॉर १३ होते आणि त्यापाठोपाठ नेमकी १३ हीच संख्या आली, म्हणून x शून्य झाला. हा मात्र माझ्या आकड्यांचा खरोखरच योगायोग आहे, आणि उदाहरण निवडताना तो माझ्या लक्षात आला नव्हता. कोणत्या संख्या येऊन गेल्या ही माहिती तेथे गेली, हेही आपले म्हणणे बरोबर आहे, कारण त्या क्षणीचा x आणि काहीच न वाचलेला x यांत तसूभरही फरक नाही. पण शून्याचा अर्थ ‘आतापर्यंत प्रत्येक स्थानी १ ची संख्या सम आहे’ एवढाच, आणि पुढच्या कामाला तेवढेच लागते. उरलेल्या ६ आणि १३ यांचे एक्सॉर स्वतंत्रपणे केले तर ०११० आणि ११०१ मिळून १०११ येते, म्हणजे पुन्हा ११.

आपल्या यादीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात ४ दोनदा आहे, पण ७ तीनदा आहे. त्यांपैकी दोन ७ निघून जातात, तिसरा उरतो, आणि त्याचे १३ शी एक्सॉर होते: ०१११ आणि ११०१ मिळून १०१०, म्हणजे १०. कोडने आपले काम चोख केले. ‘बाकी प्रत्येक संख्या नेमकी दोनदा’ ही अट यादीने मोडली होती. अट मोडली तरी हे कोड कुरकुर करत नाही, एक संख्या मुकाट्याने परत देते, आणि या पद्धतीचा खरा धोका तोच आहे. आपल्याला १० आले हे एका अर्थी बरेच झाले, कारण यादीत नसलेले उत्तर चटकन नजरेत भरते.

शिवाय आपल्या यादीत सहा संख्या आहेत, आणि एक एकटी अधिक काही जोड्या यांची बेरीज नेहमी विषमच असते; तेव्हा `len(yadi)` सम दिसली की पुढे जाण्याचे कारणच नाही. पण या तपासणीवर फार विसंबू नये. १, ७, २, ७, ४ ही यादी घ्या. लांबी पाच, म्हणजे विषम. येथे १, २ आणि ४ अशा तीन संख्या एकट्या आहेत आणि त्यांचे एक्सॉर ७ होते. उत्तर ७ यादीत सापडतेही, मात्र दोनदा.

यावर उपाय म्हणून आलेले उत्तर यादीत नेमके एकदाच आहे का, हे पाहायला `yadi.count(x)` ने आणखी एक फेरी मारता येते. वरची चूक त्यात पकडली जाते. तरीही १, २, ४, ७, ९ या यादीवर हे सगळे करून पाहा: लांबी विषम, पहिल्या चारांचे एक्सॉर शून्य, म्हणून उत्तर ९, आणि ९ यादीत एकदाच. दोन्ही तपासण्या पार पडल्या, आणि यादीत जोडी म्हणावी अशी एकही संख्या नाही. मी स्वतः एकदा दोन फायलींतले क्रमांक एकत्र करून कोणता क्रमांक एकाच फायलीत आहे हे अशाच रीतीने शोधले होते. एका फायलीत काही ओळी चुकून दोनदा शिरल्या होत्या, आलेला क्रमांक दिसायला अगदी खरा होता, आणि मी तो तसाच पुढे पाठवला. एका चलात मावणारी माहिती अट पाळली गेली की नाही हे सांगायला पुरेशी नसते, हे मला तेव्हा नीट उमगले.

म्हणून डिक्शनरीबद्दलचे आपले मत मी अर्धे मान्य करतो. दहा लाख एक संख्यांच्या यादीत अट पाळली गेली असेल, तर डिक्शनरीत पाच लाख एक नोंदी साठतात आणि एक्सॉरला एकच चल पुरतो. संख्या एकेक करून येत असतील आणि साठवायला जागा नसेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. मात्र यासाठी अटीची हमी बाहेरून मिळालेली असावी लागते, उदाहरणार्थ यादी आपल्याच प्रोग्रामने प्रत्येक संख्या दोनदा लिहून तयार केलेली असणे. माणसांनी भरलेल्या किंवा फायलींतून गोळा केलेल्या यादीला अशी हमी नसते. तेथे डिक्शनरीच वापरावी, कारण ती आपल्या यादीसाठी ७ समोर ३ हा आकडा दाखवील आणि १, २, ४, ७, ९ साठी पाचही संख्यांसमोर १ दाखवील. मूळ लेखातले ‘जोड्या रद्द होतात’ हे वाक्य मी आज बदलले आहे, आणि आपली सहा संख्यांची यादी तेथे अट मोडल्याचे उदाहरण म्हणून घेतली आहे.